प्रोजेक्टर ‘No Signal’वरून ‘Out of Range’वर गेला, तर दोष कुठे शोधायचा

प्रश्न: आमच्या सभागृहात छताला जुना प्रोजेक्टर टांगलेला आहे. त्याची व्हीजीए केबल भिंतीतून खाली टेबलापर्यंत आणलेली आहे. जुना लॅपटॉप जोडला की लगेच दिसायचा. नव्या लॅपटॉपला व्हीजीए पोर्टच नाही, म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणला. आता पडद्यावर आधी ‘No Signal’ येतं. Fn धरून डिस्प्लेची की दाबली की पडदा जरासा हलतो आणि ‘Out of Range’ येतं. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसतं. नेमकं बिघडलंय काय, लॅपटॉप की प्रोजेक्टर?

उत्तर: बहुधा दोन्हीही ठीक आहेत. तुम्ही सांगितलेल्यात सगळ्यात कामाची गोष्ट आहे ती पडद्यावरचा संदेश बदलण्याची. पुष्कळ जण ‘प्रोजेक्टर चालत नाही’ एवढंच सांगतात आणि पडद्यावर काय लिहून आलं होतं असं विचारलं की आठवत नाही म्हणतात. तुम्ही ते वाचलंत, म्हणून निम्मं काम इथेच झालं.

‘No Signal’ म्हणजे प्रोजेक्टर ज्या पोर्टकडे बघतोय तिथे त्याला काहीच येताना दिसत नाही. ‘Out of Range’ म्हणजे सिग्नल आलाय, प्रोजेक्टरने तो मोजलाय, पण तो दाखवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. काही प्रोजेक्टरवर हेच ‘Unsupported Signal’ किंवा ‘Signal Not Supported’ असं येतं. तुमच्याकडे की दाबल्यावर पहिला संदेश जाऊन दुसरा आला, याचा अर्थ लॅपटॉप चित्र बाहेर पाठवतोय, कन्व्हर्टर काम करतोय, केबल दोन्ही टोकांना जोडलेली आहे आणि प्रोजेक्टरवर सोर्सही योग्य निवडलेला आहे. चार शंका एकदम मिटल्या. म्हणून केबल उपटून पुन्हा खोचत बसू नका. अडलंय ते रिझोल्यूशनवर, आणि रिझोल्यूशन का अडलं याचं उत्तर, माझ्या अंदाजाने, तुमच्या भिंतीतल्या केबलमध्ये आहे.

आधी त्या कीबद्दल, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. F1 ते F12 मधल्या एका कीवर लॅपटॉप आणि शेजारी पडदा असं चित्र असतं. ती कितवी हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा आकडा पाठ करण्यापेक्षा चित्र शोधावं. काही लॅपटॉपवर ती Fn धरून दाबावी लागते, काहींवर नुसतीच. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ही की आतून एकच गोष्ट करते, विंडोज की आणि P एकत्र दाबल्याचा इशारा पाठवते. म्हणून कंपनीची की चालली नाही तर सरळ Win + P दाबा. ती सोय विंडोजची स्वतःची आहे, तिला कंपनीचं कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

दाबल्यावर चार पर्याय येतात: ‘PC screen only’, ‘Duplicate’, ‘Extend’, ‘Second screen only’. की पुन्हा दाबली की निवड पुढच्या पर्यायावर सरकते. घात इथेच होतो. पर्याय बदलला की लॅपटॉपचा पडदा क्षणभर काळा होतो, नवा सिग्नल निघतो, आणि प्रोजेक्टरला तो ओळखून स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. व्हीजीएवर तर जास्तच. समोर माणसं बसलेली असली की आपल्याला ते सेकंद जड जातात. आपण की पुन्हा दाबतो, पर्याय पुढे सरकतो, प्रोजेक्टर पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो. असं पाच वेळा केलं की चालू असलेली जोडणीही मेल्यासारखी दिसते. माझा नियम असा आहे की एकदा पर्याय निवडला की हात मागे घ्यायचा आणि मनात दहा मोजायचे.

आता कोणता पर्याय निवडायचा? सगळे ‘Duplicate’कडे धावतात, कारण दोन्हीकडे एकच दिसावं अशी इच्छा असते. पण अडचण आलेली असताना ‘Duplicate’ ही सगळ्यात वाईट निवड आहे. त्यात विंडोजला दोन्ही पडद्यांना चालेल असा एकच डेस्कटॉप बनवावा लागतो. लॅपटॉपचा पडदा १९२० × १२००चा आणि प्रोजेक्टर १०२४ × ७६८चा, तर कुणीतरी एकाने पडतं घ्यायचं. प्रोजेक्टरची खरी ताकद विंडोजला माहीत असेल तर ते समजूतदारपणे १०२४ × ७६८वर उतरतं. मग लॅपटॉपवर अक्षरं मोठी, धूसर होतात आणि कडेला काळ्या पट्ट्या येतात, पण चालतं. माहीत नसेल तर ते भलताच आकडा निवडतं आणि प्रोजेक्टर हात वर करतो.

‘Extend’मध्ये दोन्ही पडदे स्वतंत्र असतात. लॅपटॉपचा पडदा स्वच्छ राहतो आणि प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन त्याला न छेडता बदलता येतं. म्हणून दुरुस्ती नेहमी ‘Extend’मध्ये करायची आणि सगळं जमलं की वाटल्यास ‘Duplicate’वर यायचं. एक सावधगिरी ठेवा. ‘Extend’मध्ये प्रोजेक्टरवर फक्त वॉलपेपर दिसतो, ना आयकॉन, ना तुमची फाइल. गडद वॉलपेपर असेल तर पडदा बंद आहे असंच वाटतं. जोडणी उत्तम चालू असताना केवळ यामुळे ‘दिसत नाही’ म्हणून मला कितीदा बोलावलं गेलंय, ते मोजणं मी सोडून दिलंय. फाइलची विंडो निवडून Win + Shift + उजवा बाण दाबला की ती पलीकडच्या पडद्यावर जाते.

‘Second screen only’ तपासणीच्या वेळी टाळा. प्रोजेक्टर सिग्नल दाखवत नसेल तर लॅपटॉपही काळा आणि भिंतही कोरी अशी पंचाईत होते. तसं झालंच तर घाबरून पॉवर बटण दाबून धरू नका. केबल काढली की लॅपटॉपचा पडदा आपसूक परत येतो.

आता मूळ प्रश्न. विंडोजला प्रोजेक्टरची ताकद कळते कशी?

प्रत्येक मॉनिटर आणि प्रोजेक्टरच्या आत एक छोटी नोंद साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. त्यात कंपनी, मॉडेल, मूळ रिझोल्यूशन, चालणारी इतर रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट असतात. केबल जोडली की लॅपटॉप आधी ही नोंद वाचतो आणि मग काय पाठवायचं ते ठरवतो. वाचण्यासाठी केबलमध्ये दोन वेगळ्या तारा असतात. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना या कामाच्या. चित्र वाहून नेणाऱ्या तारा वेगळ्या: १, २, ३ लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी आणि १३, १४ चित्राच्या ओळी व फ्रेम जुळवण्यासाठी.

म्हणजे १२ आणि १५ नंबरच्या तारा नसल्या तरी चित्र जाऊ शकतं, फक्त ओळखपाळख होत नाही. आणि भिंतीतून नेलेल्या लांब व्हीजीए केबलमध्ये नेमक्या या तारा नसणं मी अनेकदा पाहिलंय. केबल कंड्युइटमधून ओढायची म्हणून तिचं टोक कापतात आणि नंतर हाताने कनेक्टर डागतात. डागणारा चित्रापुरत्या तारा जोडतो आणि मोकळा होतो. त्या वेळी चालतंही, कारण जुन्या लॅपटॉपच्या व्हीजीए पोर्टला ओळख पटली नाही तरी की दाबून सिग्नल बाहेर काढता यायचा. समोर कोण आहे हे माहीत नसल्यामुळे विंडोज १०२४ × ७६८सारखं बेताचं रिझोल्यूशन धरून राहायचं, आणि योगायोगाने तुमच्या प्रोजेक्टरला तेच हवं असायचं. वर्षानुवर्षं सगळे खूष.

नव्या लॅपटॉपने हा योगायोग मोडला. एचडीएमआय पोर्ट पलीकडे कुणीतरी आहे असा इशारा मिळाल्याशिवाय चित्र पाठवत नाही. तो इशारा आता कन्व्हर्टर देतो. मग लॅपटॉप विचारतो, ‘पलीकडे कोण आहे?’ कन्व्हर्टर व्हीजीएच्या बाजूने प्रोजेक्टरची नोंद वाचायला जातो. ती मिळाली नाही तर काही कन्व्हर्टर स्वतःच्या पोटातली तयार नोंद पुढे करतात आणि त्यात बऱ्याचदा १९२० × १०८० लिहिलेलं असतं. लॅपटॉप विश्वास ठेवतो आणि तेच पाठवतो. हिशोब बघा. १०२४ × ७६८ ला ६० हर्ट्झवर सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके जातात, १९२० × १०८० ला १४ कोटी ८५ लाख. दुपटीपेक्षा जास्त. जुने प्रोजेक्टर आपल्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा थोडा मोठा सिग्नल आकसून दाखवतात, पण त्यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की ‘Out of Range’.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अर्धा दिवस वाया गेला होता. एका प्रशिक्षणाच्या खोलीत अगदी तुमच्यासारखीच मांडणी होती. छतावर १०२४ × ७६८चा प्रोजेक्टर, भिंतीतून आलेली सुमारे १५ मीटर व्हीजीए केबल, नवा लॅपटॉप, मध्ये कन्व्हर्टर. तक्रारही हीच. मी आधी कन्व्हर्टरवर संशय घेतला आणि दुसरा लावला. त्यावर ‘Out of Range’ न येता पूर्ण ‘No Signal’. मग वाटलं पहिलाच बरा होता. लॅपटॉपवर शंका आली, म्हणून दुसरा लॅपटॉप मागवला. तोच प्रकार. मग प्रोजेक्टर जुना झाला असं तिथल्या लोकांनी जाहीर करून टाकलं आणि मीही जवळजवळ मान हलवली.

शेवटी शिडी लावली. पिशवीत दीड मीटरची साधी व्हीजीए केबल होती. लॅपटॉप आणि कन्व्हर्टर घेऊन वर चढलो आणि भिंतीतली केबल काढून ती छोटी केबल थेट प्रोजेक्टरला लावली. तिसऱ्या सेकंदाला चित्र! विंडोजमध्ये दुसऱ्या डिस्प्लेच्या नावाजागी प्रोजेक्टरच्या मॉडेलचं नाव आलं आणि रिझोल्यूशन आपोआप १०२४ × ७६८. खाली उतरून पुन्हा भिंतीतली केबल लावली, तर नाव बदललं, कुठलंतरी अनोळखी, कन्व्हर्टरने दिलेलं, आणि रिझोल्यूशन १९२० × १०८०. त्या नावाच्या फरकाने सगळं सांगून टाकलं. मल्टिमीटर लावून पाहिलं तर १२ आणि १५ नंबरच्या पिना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतच नव्हत्या. दुसरा कन्व्हर्टर गप्प का होता तेही मग उमगलं. त्याच्याकडे स्वतःची तयार नोंदच नसावी. प्रोजेक्टर सापडला नाही म्हणून तो लॅपटॉपला काहीच बोलला नाही.

तुमच्याकडे शिडी न लावताही बरंच कळू शकेल. ‘Extend’ निवडा. Settings उघडून System आणि मग Display मध्ये जा. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. ‘Identify’ दाबलं की लॅपटॉपवर त्याचा आकडा उमटतो, म्हणजे उरलेला प्रोजेक्टर. दुसरा चौकोन दिसतच नसेल तर ‘Multiple displays’ उघडून ‘Detect’ दाबून बघा. प्रोजेक्टरच्या चौकोनावर क्लिक करा, खाली जाऊन ‘Advanced display’ उघडा आणि वरच्या यादीत तोच डिस्प्ले निवडलेला आहे याची खात्री करा. तिथे नाव दिसेल. प्रोजेक्टरच्या कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव असेल तर ओळख नीट पटली आहे आणि माझा केबलवरचा संशय चुकीचा. भलतंच नाव असेल तर तो बळावतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘Monitors’खाली ‘Generic Non-PnP Monitor’ दिसलं तर नोंद अजिबात वाचली गेलेली नाही, हे उघडच आहे.

त्याच पानावर दोन रिझोल्यूशन असतात आणि ती नीट वाचा. एक डेस्कटॉपचं, दुसरं प्रत्यक्ष सिग्नलचं; विंडोज ११मध्ये त्यांना ‘Desktop mode’ आणि ‘Active signal mode’ म्हणतात. कधीकधी डेस्कटॉप १०२४ × ७६८चा करूनही ग्राफिक्स कार्ड त्याच्याभोवती काळी चौकट भरून केबलवर १९२० × १०८०च पाठवत राहतं. माणूस म्हणतो, ‘मी रिझोल्यूशन कमी केलं तरी Out of Range जात नाही.’ डेस्कटॉपचं कमी झालं, सिग्नलचं नाही. प्रोजेक्टरला फक्त सिग्नल कळतो.

म्हणून बदल करायचा तो असा. ‘Advanced display’मध्येच ‘Display adapter properties for Display 2’ अशी लिंक असते. ती उघडली की ‘List All Modes’ बटण मिळतं. त्या यादीतून निवडलेला मोड रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट दोन्ही एकदम ठरवतो. 1024 by 768, 60 Hertz अशी ओळ निवडा. ‘ठेवायचं का?’ असं विंडोज विचारेल. उत्तर दिलं नाही तर ते काही सेकंदांत आपोआप जुन्यावर जातं, त्यामुळे चुकीचं निवडण्याची भीती बाळगू नका. प्रोजेक्टरवर चित्र आलं की मग ‘Keep changes’ दाबा.

रिफ्रेश रेटकडे दुर्लक्ष करू नका. आजकाल १२० किंवा १४४ हर्ट्झचे पडदे असलेले लॅपटॉप सर्रास मिळतात. प्रोजेक्टरच्या बाजूला ६०च हवा. रिझोल्यूशन बरोबर आणि रेट ७५ असला तरी काही जुने प्रोजेक्टर तोच ‘Out of Range’ दाखवतात, आणि माणूस रिझोल्यूशनमध्येच डोकं घालून बसतो.

तुमच्या प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन नक्की किती, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये ‘Native resolution’ म्हणून असतं. ८०० × ६००, १०२४ × ७६८ आणि १२८० × ८०० हे जुन्या कार्यालयीन प्रोजेक्टरांतले नेहमीचे तीन आकडे. मॅन्युअल नसेल तर प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलेला निळा चौकोन मोजा. रुंदी उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या मध्ये, म्हणजे ४ : ३ वाटली तर पहिल्या दोनपैकी एक. जास्त रुंद वाटली तर तिसरा. खात्री नसेल तर १०२४ × ७६८ने सुरुवात करा. ते जवळजवळ सगळे स्वीकारतात. मूळ आकड्यापेक्षा वेगळा सिग्नल दिला तर चित्र येईल, पण बारीक अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतील. फोकसचं चाक फिरवून ते जात नाही.

चित्र आल्यावर ते एका बाजूला सरकलेलं किंवा किंचित थरथरणारं दिसलं तर रिमोटवरचं ‘Auto’ किंवा ‘Auto Adjust’ दाबा. व्हीजीए हा अॅनालॉग सिग्नल, त्यात चित्राची कड कुठे सुरू होते हे प्रोजेक्टरला अंदाजाने ठरवावं लागतं. पडद्यावर पांढरी पार्श्वभूमी असताना दाबलं तर अंदाज नेमका येतो. काळ्या स्लाइडवर दाबलं तर त्याला कडच सापडत नाही. आणि सगळं चित्र पिवळसर आलं तर निळ्या रंगाची तार तुटलीय, निळं-हिरवं आलं तर लाल, जांभळट आलं तर हिरवी. तेव्हा आधी कनेक्टर दाबून बघा, मग पिना. पिना तपासताना मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन नसली तर दचकू नका. अनेक चांगल्या केबलमध्ये ती मुळातच नसते. लोक ती ‘तुटलेली’ पिन बघून उत्तम केबल टाकून देतात.

आता की दाबण्याआधीचं ते ‘No Signal’. ते येतं कारण लॅपटॉप तेव्हा ‘PC screen only’वर आहे. विंडोज प्रत्येक डिस्प्लेसाठी शेवटची निवड लक्षात ठेवतं. म्हणून एकदा ‘Extend’मध्ये नीट बसवलं की पुढच्या वेळी, त्याच कन्व्हर्टरवर, बहुधा की दाबावी लागणार नाही.

पण समजा उद्या की दाबूनही ‘No Signal’ जाईना, तर शोधाची दिशा पूर्ण बदलते. तिथे रिझोल्यूशनचा संबंध नाही, सिग्नल पोहोचतच नाही. आधी प्रोजेक्टरच्या पाठीमागे बघा. बऱ्याच प्रोजेक्टरवर व्हीजीएची दोन किंवा तीन एकसारखी पोर्ट असतात आणि त्यातलं एक मॉनिटर आउट असतं. म्हणजे बाहेर जाणारं. साफसफाईच्या वेळी केबल निघाली आणि परत लावताना त्यात गेली, तर लॅपटॉपने कितीही सिग्नल पाठवला तरी उपयोग नाही. इनपुट दोन असतील तर कॉम्प्युटर १ आणि कॉम्प्युटर २ यांपैकी कशात केबल आहे ते बघून रिमोटने तोच सोर्स निवडा. पूर्ण काळा पडदा, पण कुठलाच संदेश नाही, असं असेल तर सिग्नल सोडा आणि रिमोटवरचं ‘Blank’ किंवा ‘A/V Mute’ आधी दाबून बघा.

कन्व्हर्टर लुळा पडण्याचंही एक ठरलेलं लक्षण आहे: चित्र येतं, काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी जातं, परत येतं. हा कन्व्हर्टर नुसती जोडवायर नव्हे. तो डिजिटल सिग्नल अॅनालॉग करतो आणि त्याला वीज लागते. ती एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेतून घेतो. पण त्या पिनेतून किमान ५५ मिलिअँपिअर मिळण्याचीच हमी असते. काही लॅपटॉप जास्त देतात, काही नाही. तुमच्या कन्व्हर्टरच्या कुशीत यूएसबीचं बारीक छिद्र असेल तर ते त्यासाठीच आहे. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून त्याला वीज द्या. आणि हा कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा डबा दिसायला सारखाच असतो, तो उलटा लावून चालत नाही. शिवाय स्लाइड व्यवस्थित दिसतात पण एखादा विकत घेतलेला चित्रपट लावला की तेवढाच भाग काळा होतो, असं झालं तर तो दोष नाही. संरक्षित व्हिडिओ अॅनालॉग वाटेने जाऊ दिला जात नाही.

कुणी यूएसबी-सीवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर सुचवेल. तो घेण्याआधी लॅपटॉपचं ते पोर्ट चित्र बाहेर देतं का ते मॅन्युअलमध्ये बघा. पोर्टचा आकार सारखा असला तरी काही फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरती असतात. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा वीज पडल्यासारखं थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर चित्र मिळतं.

कायमचा इलाज विचारलात तर माझं मत स्पष्ट आहे: भिंतीतल्या त्या व्हीजीए केबलवर आता पैसे घालू नका. प्रोजेक्टरला एचडीएमआय इनपुट असेल तर नवी एचडीएमआय केबल ओढा. पण त्यातही लांबी सांभाळा. १० मीटरच्या पुढे साध्या केबल दगा देऊ लागतात, आणि त्याची खूण वेगळी असते. चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच दोन सेकंद काळा होतो. तेव्हा रिझोल्यूशन १९२० × १०८०वरून १२८० × ७२०वर आणून बघा. सेकंदाला जाणारे ठिपके बरोबर निम्मे होतात. ठिपके चमकणं तिथे थांबलं तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर निर्दोष, केबल कमी पडतेय. लांब अंतराला प्रकाशतंतूची एचडीएमआय केबल उत्तम, मात्र तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. ओढण्याआधी ते वाचा, नाहीतर ३० मीटर केबल परत बाहेर काढावी लागेल.

प्रोजेक्टरला एचडीएमआय नसेल, फक्त व्हीजीएच असेल, तर १२ आणि १५ नंबरच्या ताराही असलेली कारखान्यातून आलेली केबल ओढून घ्या, हाताने डागलेली नको. तेही जमत नसेल तर ईडीआयडी एम्युलेटर नावाचा छोटा डबा मिळतो. तुमच्यासाठी एचडीएमआयचा घ्या. तो लॅपटॉप आणि कन्व्हर्टरच्या मध्ये बसतो आणि लॅपटॉपला प्रोजेक्टरऐवजी स्वतः उत्तर देतो. मात्र त्याच्यात १०२४ × ७६८ ठरवून ठेवता येतं का ते विचारून घ्या. काही एम्युलेटरमध्ये फक्त १९२० × १०८० असतं, आणि तो लावून आपण परत ‘Out of Range’पाशीच येतो.

हे होईपर्यंत पाहुणे वक्ते आपापले लॅपटॉप घेऊन येतीलच, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर हा खेळ पहिल्यापासून होईल. मी त्या प्रशिक्षणाच्या खोलीत केबलच्या टोकाला एक कागदाची पट्टी गुंडाळून वर चिकटपट्टी मारली होती: ‘Win + P, Extend, 1024 × 768, 60 Hz, दहा मोजा.’